‘आपण’ म्हणजे ‘यू’ की ‘वुई’?
‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांतील आदरभेद इंग्रजीच्या एकाच ‘यू’मध्ये उतरत नसल्याने, मराठी ईमेलाचे इंग्रजीत भाषांतर करताना तो ‘डिअर’नंतर केवळ नाव लिहावे की ‘मिस्टर’सह आडनाव, आणि ‘प्लीज सेंड’ म्हणावे की ‘कुड यू प्लीज सेंड’, यांतून व्यक्त करावा लागतो. परंतु ‘आपण’ हे आदरार्थी ‘यू’ही असते आणि श्रोत्यासह ‘वुई’ही, म्हणून निर्णय क्रियापदावरून करावा. ‘आपण सोमवारी दस्तऐवज तपासाल’ येथे ‘यू’, तर ‘तपासू’ असल्यास ‘वुई’. भूतकाळी ‘तपासलात’ हे निःसंशय ‘यू’ होय. मात्र ‘आपण दस्तऐवज तपासला’ या वाक्यात दोन्ही अर्थ संभवतात, आणि संदर्भानेही संदेह फिटत नसेल, तर जबाबदारी चुकीच्या माथी जाऊ नये यासाठी मूळ लेखकाकडूनच खुलासा मागवावा.