कर्ण आणि कमान यांच्यामधली जागा

एका वाडीत पाच घरं आहेत. त्यांची महिन्याची कमाई ५, १०, १५, २० आणि ५० हजार, म्हणजे एकूण १ लाख. सरासरी काढली तर प्रत्येक घराला २० हजार येतात आणि वाडी सुखी वाटते. ही दिशाभूल टाळण्यासाठी मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकी अभ्यासकाने १९०५मध्ये, विद्यार्थीदशेतच, एक आलेख सुचवला.

त्यासाठी घरं गरिबाकडून श्रीमंताकडे ओळीत लावायची आणि कमाई मिळवत जायची. तळच्या २० टक्के घरांकडे एकूण कमाईच्या ५ टक्के, ४० टक्क्यांकडे १५, ६० टक्क्यांकडे ३०, ८० टक्क्यांकडे ५० आणि सगळ्यांकडे अर्थातच १००. आडव्या अक्षावर घरांची टक्केवारी, उभ्या अक्षावर कमाईची. बिंदू जोडले की खाली झुकलेली कमान तयार होते. सगळ्यांची कमाई सारखी असती, तर हीच रेघ चौकोनाच्या कर्णावर सरळ गेली असती. कमान कर्णापासून जितकी लांब, तितकी विषमता जास्त.

पण ‘जितकी लांब’ म्हणजे किती? ते मोजण्याची वाट इटलीच्या कोरादो जिनी यांनी दाखवली. आपल्याकडे त्यांचं नाव ‘गिनी’ असंच रुळलं आहे. कर्ण आणि कमान यांच्यामधलं क्षेत्रफळ काढायचं आणि त्याला कर्णाखालच्या पूर्ण त्रिकोणाने भागायचं. चौकोनाची बाजू १ धरली तर त्रिकोण ०.५ होतो. आपल्या वाडीच्या कमानीखालच्या पाच उभ्या पट्ट्यांची बेरीज ०.३० येते. मधली जागा उरली ०.२०, तिला ०.५ने भागलं की गुणांक ०.४०. शून्य म्हणजे पूर्ण समता. आकडा १कडे सरकला की सगळा पैसा एकाच हाती जातोय असं समजायचं.

आता शेजारच्या वाडीत चार घरांना १०-१० हजार आणि पाचव्याला ६० हजार मिळतात. गणित करून पाहा, गुणांक पुन्हा ०.४०च! पण इथल्या सर्वांत गरीब घराला पहिल्या वाडीतल्या गरिबाच्या दुप्पट मिळतात, आणि सर्वांत श्रीमंताचा वाटाही मोठा आहे. दोन्ही कमानी काढल्या तर त्या एकमेकींना छेदतात. म्हणून नुसत्या गुणांकावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. कमानही बघायला हवी.

दुसरी फसगत अधिक नेहमीची आहे. २०२५मध्ये जागतिक बँकेच्या २५.५ (शंभरच्या पट्टीवर) या आकड्याच्या आधारे भारत जगातल्या सर्वांत समान देशांत चौथा असल्याचं सरकारी प्रसिद्धिपत्रकात म्हटलं गेलं. पण तो आकडा २०२२-२३च्या घरखर्चाचा होता, आणि यादीतल्या अनेक देशांचे आकडे उत्पन्नाचे. गरिबाची जवळजवळ सगळी कमाई खर्चात जाते, श्रीमंत मात्र बराच पैसा शिल्लक टाकतो. त्यामुळे खर्चाची कमान कर्णाच्या जवळच दिसते. गिनीचा आकडा वाचलात की तो उत्पन्नाचा आहे की खर्चाचा, हे आधी विचारा.