चार मेगाबाइट भरले की

क्रोम ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट तुमच्या संगणकावर माहिती साठवते तेव्हा वर्षानुवर्षे ते काम लेव्हलडीबी नावाच्या छोट्या डेटाबेसकडे राहिले आहे. गूगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी तो लिहिला, आणि २०११ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्यात एखादी नोंद कशी शिरते ते पाहण्यासारखे आहे, कारण ती डिस्कवरच्या आपल्या योग्य जागी लगेच जातच नाही.

नोंद आधी लॉग फाइलच्या शेवटी जोडली जाते. आली तशी, क्रम न लावता. दुकानदार रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार ओळीने टिपतो आणि खात्यांप्रमाणे खतावणी नंतर करतो, तशीच ही पद्धत. मग तीच नोंद मेमरीतल्या मेमटेबलमध्ये जाते, आणि इथे मात्र ती क्रमाने बसते. शोधायचे असले की आधी मेमटेबल पाहिले जाते. लॉग वाचायची वेळ येते ती डेटाबेस पुन्हा उघडतानाच.

आता क्रम राखायचा आणि नोंदी तर धडाधड येत आहेत. त्यासाठी लेव्हलडीबीने स्किप लिस्ट वापरली. विल्यम प्यू यांनी १९९० मध्ये तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. समजा, तळाच्या साखळीत ८, १५, २३, ३१, ४२, ५०, ६४, ७७ हे आकडे आहेत. तिच्यावरच्या साखळीत फक्त १५, ४२ आणि ७७. सर्वात वर एकटा ४२. नवा ५७ कुठे बसेल? वरून सुरुवात करा. ४२ लहान आहे, म्हणून त्याच्यापर्यंत जा. त्या साखळीत पुढे काही नाही, म्हणून एक पायरी खाली. तिथे पुढचा ७७ मोठा, म्हणून आणखी खाली. आता ५० लहान, पुढे सरका. त्यानंतरचा ६४ मोठा. जागा सापडली. तुलना चारच झाल्या. तळाची साखळी एकेक करून चालत गेलो असतो तर सात लागल्या असत्या. आठ आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो, पण तीस हजार नोंदींत तो डोळ्यांत भरतो.

नव्या नोंदीची उंची किती, हे ठरते निव्वळ नशिबावर. लेव्हलडीबीत दर वरच्या पायरीची शक्यता एक चतुर्थांश आणि कमाल उंची १२. झाडासारख्या रचनेत तोल सावरायला फांद्या हलवाव्या लागतात, इथे ती कटकटच नाही. मला यातली सर्वात देखणी गोष्ट वाटते ती जोडणीची. नवी नोंद आधी आपले पुढचे दुवे लावून घेते आणि मगच मागची नोंद तिच्याकडे बोट दाखवते. त्यामुळे त्याच क्षणी वाचणाऱ्याला एकतर जुनी साखळी दिसते किंवा नवी, तुटलेली कधीच नाही. वाचणाऱ्यांना कुलूप लावून थांबवावे लागत नाही. मात्र इथून काहीही पुसले जात नाही. एखादी किंमत बदलली की नवी नोंद जोडली जाते, आणि खोडायचे असले तरी ‘खोडले’ अशी एक नोंदच वाढते.

मेमटेबल ४ मेगाबाइटच्या आसपास भरले (ही मूळ मर्यादा, बदलता येते) की ते गोठवले जाते. नवे मेमटेबल आणि नवी लॉग फाइल उघडते, लिहिणे पुढे चालू राहते. पार्श्वभूमीवर एक धागा गोठलेल्या मेमटेबलची तळाची साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो आणि त्याच क्रमाने डिस्कवर फाइल लिहितो. वेगळे सॉर्टिंग करावेच लागत नाही, ते आधीच झालेले असते. यालाच फ्लश म्हणतात. फाइल डिस्कवर पक्की झाली, तिची नोंद मॅनिफेस्टमध्ये झाली, त्यानंतरच जुना लॉग पुसला जातो. हा क्रम उलटला आणि मध्येच वीज गेली, तर नोंदी ना लॉगमध्ये उरतील ना फाइलमध्ये.

अडचण कुठे येते? सेकंदाला एक मेगाबाइट लिहिले जात असेल तर नवे मेमटेबल चार सेकंदांत भरते. डिस्क दुसऱ्या कामात अडकून फ्लशला पाच सेकंद लागले, तर गोठलेले अजून रिकामे झालेले नाही आणि नवेही भरलेले, अशी स्थिती येते. मग लिहिणारा थांबतो, आणि `LOG` नावाच्या फाइलमध्ये ही ओळ दिसते:

```
Current memtable full; waiting...
```

ती कधीमधी दिसली तर घाबरू नका. वारंवार दिसली तर अनेक जण `write_buffer_size` वाढवतात. लिखाणाचा लोंढा थोडाच वेळ टिकणारा असेल तर तो उपाय चालतो. पण डिस्कच सतत मागे पडत असेल तर मोठे मेमटेबल फक्त थांबण्याची वेळ पुढे ढकलते, शिवाय कोसळल्यानंतर लांबलचक लॉग वाचत बसावे लागते ते वेगळेच.