हिरवी पेटी आली म्हणजे फसवणूक झाली?

बागेतून थेट घरी आंबा द्यायला लागल्यापासून मे महिन्यातला पहिला फोन ठरलेला असतो. "अहो, कच्चे आंबे पाठवलेत! पैसे तर पूर्ण घेतलेत." आगाऊ नोंदणी घेतानाच आम्ही लिहून देतो की पेटी हिरवी येईल. तरीही विरारच्या सोसायट्यांपासून वसई गावापर्यंत दरवर्षी हेच ऐकावं लागतं, आणि आता खरंच कंटाळा आला आहे.

कच्चा आंबा वेगळा आणि तयार आंबा वेगळा. हापूस झाडावर तयार होतो आणि उतरवल्यावर पिकतो. तयार फळात पिष्ट साठलेलं असतं, त्याची साखर पुढच्या काही दिवसांत होते, मग ते फळ फांदीवर असो की तुमच्या घरातल्या पेंढ्यात. कोकणातले बागायतदार फळ 'चौदा आणे' झालं की उतरवतात, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व. तेव्हा देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर येतात, देठाशी खळगा पडतो आणि गडद हिरवा रंग फिका होऊ लागतो. झेल्याने देठ ठेवून फळ काढायचं, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो.

"मग झाडावरच पिकू द्या ना," असं लोक म्हणतात. हापूसच्या बाबतीत ही मागणी चुकीची आहे. झाडावर जास्त थांबलेल्या फळात साका होण्याचं प्रमाण वाढतं. बाहेरून फळ सुरेख दिसतं, पण कापल्यावर कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. साका बाहेरून ओळखता येत नाही, मलाही नाही आणि तीस वर्षं आंबा उतरवणाऱ्या आमच्या गड्यालाही नाही. म्हणून नोंदणीतच सांगतो: साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, बदली फळ मिळेल. 'एकही फळ खराब निघणार नाही' अशी हमी देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

खरी फसवणूक कोवळ्या फळात असते. बाजार चढा असताना बारा आण्यांच्याही आत फळ उतरवलं, तर ते पिवळं होतं, पण साल सुरकुतते आणि गोडी येत नाही. पेटी आली की दोन आंबे बादलीभर पाण्यात टाका. तयार फळ सहसा बुडतं, कोवळं तरंगतं. 'तरंगला म्हणजे कार्बाइडचा' हा मोबाइलवर फिरणारा निरोप मात्र साफ खोटा आहे. ही चाचणी पक्वता सांगते, रसायन सांगत नाही.

आता तारखांचं. समजा तोडणी १२ मेला झाली. एक दिवस सावलीत ठेवून, निवड करून पेटी १३ ला निघाली आणि १४ ला पोहोचली. त्याच दिवशी उघडा. आंबे एकमेकांवर न रचता पेंढ्यात किंवा कागदावर मांडा. पहिले दोन-तीन १८ च्या आसपास पिकतील, बहुतेक २० पर्यंत, आणि एखादा २२ लाही हिरवट राहील. आभाळ आलं तर दोन दिवस वाढतात, उकाडा चढला तर घटतात. बारा आंबे एकाच दिवशी पिकत नाहीत, म्हणून २० तारखेच्या आमरसाला १४ ची पेटी मागवा, १९ ची नव्हे. आम्ही एक तारीख न देता आठवडा देतो, त्याचं कारण मोहोर. एकाच झाडाला मोहोर दोन-तीन टप्प्यांत येतो, आणि फळ धरल्यापासून तयार व्हायला साडेतीन-चार महिने लागतात. उत्तर कोकणात हंगामही रत्नागिरी-देवगडच्या मागून येतो, त्यामुळे आमच्याकडे मार्चमध्ये पेटी मागू नका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हिरवट हापूसही पिकलेला असू शकतो, देठाशी वास घ्या आणि अलगद दाबून पाहा. न पिकलेला आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने तो नीट पिकत नाही. पिकवणीच्या खोलीत वापरला जाणारा इथिलीन वायू अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरवलेल्या मर्यादेत कायदेशीर आहे, तर कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे. आणि 'इकडचा हापूस खरा नाही' म्हणणाऱ्यांसाठी: २०१८ साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे यांच्याबरोबर पालघर जिल्हाही आहे.

यंदा पेटी नोंदवताना विकणाऱ्याला तोडणीची तारीख विचारा. ती त्याला सांगता येत नसेल, तर पैसे आगाऊ देऊ नका.