आधी हिरवी चौकट शोधा

हिशेबाच्या तक्त्याचा फोटो येतो आणि खाली एक अक्षरही लिहिलेलं नसतं. कधी तो सोसायटीच्या खजिनदारांकडून येतो, कधी बचत गटाचं काम पाहणाऱ्या ताईंकडून, कधी निकालपत्रक भरत बसलेल्या शिक्षकांकडून. पाठवणारी व्यक्ती बराच वेळ त्या तक्त्याशी झटत असते. तिला अडचण इतकी उघड दिसत असते की ती समोरच्यालाही दिसेल असं ती गृहीत धरते. आपल्याला मात्र कळत नाही, की यांना सूत्र हवंय, की नोंदी साफ करून हव्यात, की आलेख काढायचा आहे, की कुठेतरी चूक आहे आणि ती शोधायची आहे.

अशा वेळी ‘काय करायचंय?’ एवढंच उलट विचारलं, की ‘बघा ना जरा’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा आधी फोटो नीट वाचावा. प्रश्न शब्दांत लिहिलेला नसला तरी पडद्यावर त्याच्या खुणा राहिलेल्या असतात.

पहिली आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे हिरवी चौकट. एक्सेलमध्ये ज्या घरावर शेवटचं क्लिक केलेलं असतं, त्याच्याभोवती हिरवी चौकट असते. फोटो काढण्याआधी माणूस बहुधा त्याच घरावर जातो, जे त्याला छळत असतं. चौकट रिकाम्या घरावर असेल, वर ‘थकबाकी’ असं शीर्षक असेल आणि तो सगळा स्तंभ कोरा असेल, तर सूत्र हवं आहे. शीर्षकांसकट आकड्यांचा मोठा भाग निवडलेला असेल, महिन्यांची नावं एका ओळीत पूर्ण भरलेली असतील आणि कुठेही रिकामी जागा नसेल, तर आलेखाची शक्यता मोठी. चौकट एकूण बेरजेवर असेल, तर चुकीचा संशय घ्यावा. बरोबर आलेल्या बेरजेवर क्लिक करून कोणी तिचा फोटो पाठवत नाही.

आता एक तक्ता डोळ्यांसमोर आणू. चोवीस सदनिकांची सोसायटी आहे आणि महिन्याची देखभाल वर्गणी प्रत्येकी १,५०० रुपये. दुसऱ्या ओळीपासून पंचविसाव्या ओळीपर्यंत सदनिका क्रमांक, नाव, तारीख आणि रक्कम अशा नोंदी आहेत. सगळ्यांनी पैसे भरलेले दिसतात. सव्विसाव्या ओळीत बेरीज आहे, ३१,५००. चौकट तिच्यावरच आहे आणि वरच्या सूत्रपट्टीत हे दिसतं:

```
=SUM(D2:D25)
```

चोवीस गुणिले पंधराशे म्हणजे ३६,००० व्हायला हवेत. फरक ४,५०० रुपयांचा. हा आकडाच बोलका आहे, कारण तो बरोबर तीन सदनिकांच्या वर्गणीएवढा आहे. म्हणजे बेरजेत कुठल्या तरी तीन नोंदी धरल्याच गेलेल्या नाहीत.

नोंदी अशा सुटण्याची दोन नेहमीची कारणं असतात. एक म्हणजे सूत्राची कक्षा अपुरी पडते. आधी एकवीस नोंदी होत्या, तेव्हा सूत्र लिहिलं, नंतर खाली तीन नोंदी वाढल्या, पण सूत्र जुन्या ओळीपाशीच थांबलं. ही चूक करायला नवखं असावं लागत नाही. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा देशांवरील कर्ज आणि विकासदर यांच्या संबंधावरचा गाजलेला निबंध २०१० साली आला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह त्यांचा मूळ तक्ता तपासला. सरासरीचं सूत्र ३० ते ४९ या ओळी घेण्याऐवजी ४४ व्या ओळीवर थांबलेलं निघालं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गणतीतून गळाले होते. निबंधावर इतरही आक्षेप होते, पण हा दोष मूळ लेखकांनी मान्य केला. एका घरावर क्लिक करून सूत्रपट्टी वाचली की तो दिसत होता.

आपल्या सोसायटीच्या सूत्रात मात्र D2 ते D25 अशा सगळ्या ओळी आल्या आहेत. कक्षा पुरेशी आहे, तेव्हा हे कारण गेलं. उरलं दुसरं, आणि आपल्याकडे तेच जास्त आढळतं. काही आकडे आकडे नसून मजकूर आहेत.

हे फोटोत ओळखता येतं. एक्सेल आकडा आपणहून घराच्या उजव्या कडेला लावतं आणि मजकूर डाव्या. आपल्या फोटोत एकवीस रकमा उजवीकडे आहेत आणि तीन डावीकडे सरकलेल्या. त्यांतल्या दोन `1500/-` अशा लिहिलेल्या आहेत. पावतीवर रकमेपुढे तिरपी रेघ आणि आडवी रेघ काढायची आपली जुनी सवय आहे, पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून. कागदावर ती सवय चांगलीच आहे. एक्सेलमध्ये त्या दोन रेघांमुळे सगळी रक्कमच शब्द ठरते आणि बेरजेचं सूत्र तिला काही न सांगता वगळतं. तिसरी रक्कम नुसती 1500 अशीच आहे, पण तिच्या घराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण आहे. आकडा मजकूर म्हणून साठवला गेल्याचा तो इशारा. पहिल्या दोन घरांवर असा त्रिकोण येणार नाही, कारण `1500/-` हा आकडाच असावा अशी शंका एक्सेलला येत नाही. म्हणून फक्त त्रिकोण मोजून भागत नाही.

समजा, काकांनी बेरजेऐवजी सगळा रकमेचा स्तंभ निवडून फोटो काढला असता. मग खालच्या पट्टीत सरासरी १,५००, नोंदी २४ आणि बेरीज ३१,५०० असे तीन आकडे एका रांगेत दिसले असते. चोवीस नोंदींची सरासरी पंधराशे असेल तर बेरीज साडेएकतीस हजार होऊच शकत नाही. याचं कारण असं, की ती पट्टी नोंदी मोजताना भरलेलं प्रत्येक घर मोजते, पण सरासरी आणि बेरीज फक्त खऱ्या आकड्यांची काढते. ही विसंगती दिसली की मजकूर बनलेले आकडे आहेत, यात शंका उरत नाही.

एक अडचण मात्र सांगायला हवी. पुष्कळ लोक तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून सगळा स्तंभ मध्यभागी आणून ठेवतात. मग डावी-उजवीची खूण पुसली जाते आणि फोटोवरून फक्त तर्क करता येतो. त्यावर उपाय सोपा आहे. संशयित घर सातव्या ओळीत असेल, तर कुठल्याही कोऱ्या घरात हे लिहायला सांगावं:

```
=ISNUMBER(D7)
```

उत्तर FALSE आलं तर तो आकडा नाही.

फरक कुठल्या बाजूचा आहे, हेही आधीच पाहून घ्यावं. दिसणाऱ्या नोंदींपेक्षा बेरीज कमी असेल तर वरची दोन कारणं. बेरीज जास्त असेल तर डावीकडचे ओळींचे क्रमांक वाचावेत. चौदानंतर एकदम सतरा आला, तर मधल्या दोन ओळी लपवलेल्या आहेत, आणि `SUM` त्यांना मोजतंच. क्रमांक निळे दिसत असतील तर गाळणी, म्हणजे फिल्टर, लावलेली आहे. कधी ‘ए विंग’ आणि ‘बी विंग’ यांच्या उपबेरजाही त्याच स्तंभात असतात आणि मोठ्या बेरजेत पुन्हा मिळवल्या जातात. फरक एखाद्या रुपयाचा असेल तर बहुतेकदा पैसे लपलेले असतात. पडद्यावर पूर्ण रुपये दिसतात, पण घरात दशांश असतात आणि बेरीज त्यांच्यासकट होते.

आता मूळ कोड्याकडे येऊ. हा फोटो चूक शोधण्याचा होता, की साफसफाईचा? खरं तर दोन्हींचा. म्हणूनच, पाठवणाऱ्याला काहीही हवं असलं तरी आकडे खरे आहेत का हे आधी पाहावं, असं माझं ठाम मत आहे. थकबाकीचं सूत्र हवं असतं तरी या तीन सदनिका अडल्याच असत्या. `1500/-` मधून वजाबाकी करायला गेलं की `#VALUE!` येतं. महिन्यांच्या रकमांचा रेघांचा आलेख काढला असता, तर एक्सेलने मजकूर शून्य धरला असता आणि ज्या महिन्यात तो आहे तिथे रेघ तळाला गेली असती. समितीच्या बैठकीत त्यावरून भलताच वाद पेटला असता.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. फक्त रकमेचा स्तंभ निवडायचा, `Ctrl+H` दाबायचं, शोधायच्या जागी `/-` लिहायचं, बदलायची जागा कोरी ठेवायची आणि सगळीकडे बदल करायचा. स्तंभ आधी निवडणं गरजेचं आहे, कारण घाईत नुसती `/` लिहिली गेली तर तारखांचा स्तंभ बिघडू शकतो. तिसऱ्या घरावर जाऊन त्रिकोणाशेजारच्या खुणेतून `Convert to Number` निवडायचं. बेरीज ३६,००० होते. ज्यांना रकमेपुढे त्या रेघा हव्याच असतील, त्यांनी त्या टंकू नयेत. त्या घराच्या स्वरूपात, म्हणजे फॉरमॅटमध्ये, घालाव्यात. `Custom` या प्रकारात हे लिहायचं:

```
#,##0"/-"
```

मग पडद्यावर रेघा दिसतात आणि घरात आकडा आकडाच राहतो.

उरलं उत्तर पाठवणं. अंदाज कितीही पक्का वाटला तरी तो अंदाजच असतो, तेव्हा तो उघड सांगावा आणि एकच गोष्ट विचारावी. उदाहरणार्थ: ‘काका, बेरीज साडेचार हजारांनी कमी येतेय, हीच अडचण ना? तीन रकमा डावीकडे गेल्यात, त्या मोजल्या जात नाहीयेत. त्यांतल्या एकीवर क्लिक करून वरच्या पट्टीत काय दिसतं ते कळवा. दुसरं काही हवं असेल तर तेही सांगा.’ यात काकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. ‘नाही, मला आलेख हवा होता’ असं ते म्हणाले, तरी सापडलेली चूक त्यांच्या उपयोगाचीच असते.

काही फोटोंत मात्र वाचण्यासारखं काही नसतं. फोटो सुबक दिसावा म्हणून वरची सूत्रपट्टी आणि डावीकडचे क्रमांक कापलेले असतात. मग ३१,५०० हा आकडा सूत्राने आला, की कोणी हाताने लिहिला, हेच कळत नाही. अशा फोटोवर तर्क लढवत बसू नये, दुसरा मागवावा. `Ctrl` आणि `1` च्या डावीकडचं कळीचं बटण एकत्र दाबलं की पानावरची सगळी सूत्रं उघडी होतात, आणि त्या एका फोटोत बरंच काही स्पष्ट होतं. पुन्हा तेच दाबलं की तक्ता पूर्ववत.

आणि तुम्ही स्वतः असा फोटो पाठवणार असाल, तर जे घर खटकतंय त्यावर क्लिक करा, सूत्रपट्टी आणि ओळींचे क्रमांक फोटोत येऊ द्या, शेजाऱ्यांची नावं आणि फोन नंबर झाका, आणि खाली एक ओळ लिहा: ‘इथे छत्तीस हजार यायला हवेत, साडेएकतीस येतायत.’