मुदत संपण्याआधीची भेट

वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या सेवेची मुदत संपत आली की विकणाऱ्याकडून ग्राहकाला एक पत्र जाते. बहुतेक ठिकाणी ते पत्र म्हणजे बिलच असते: रक्कम, खाते क्रमांक आणि शेवटची तारीख. मात्र संस्थांना विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्यवहारात बिलाच्या आधी आणखी एक पत्र लागते. त्यात पैसे मागितलेले नसतात. पुढच्या वर्षी सेवा कोणत्या अटींवर चालू ठेवायची, की ठेवायचीच नाही, हे ठरवण्यासाठी भेटीची वेळ मागितलेली असते. हे पत्र केव्हा जाते आणि त्यात काय लिहिलेले असते, यावर पुढची बरीचशी बोलणी ठरते.

मोबाइलवरच्या करमणुकीच्या वर्गणीला याची गरज पडत नाही. तिथे खात्यातून पैसे आपोआप वळते होतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्याची सूचना ग्राहकाला किमान 24 तास आधी मिळते. एका माणसाला होय किंवा नाही ठरवायला तेवढा वेळ पुरतो. संस्थेला पुरत नाही. तिथे सेवा वापरणारा एक, पैसे मंजूर करणारा दुसरा आणि सही करणारा तिसरा असतो.

उदाहरण म्हणून पाच शाखांची एक पतसंस्था घेऊ. पिग्मी गोळा करणारे एजंट मोबाइलवरील ॲपमध्ये रोजचा भरणा नोंदवतात आणि शाखेतले कर्मचारी तो संगणकावर उतरवून घेतात. हे सॉफ्टवेअर संस्थेने 42 लॉगिनसाठी घेतले आहे. दर लॉगिनमागे वर्षाला 6,000 रुपये, म्हणजे एकूण 2,52,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. मुदत 31 मार्चला संपते. करारात असेही कलम आहे की सेवा बंद करायची असेल तर 60 दिवस आधी लेखी कळवावे, नाहीतर करार आणखी एका वर्षासाठी आपोआप वाढेल.

विकणाऱ्या कंपनीच्या डोळ्यांसमोर 31 मार्च असतो. ग्राहकासाठी खरी शेवटची तारीख त्याच्या बरीच आधी येते. 31 मार्चपासून 60 दिवस मागे मोजले की 30 जानेवारी येते. त्या दिवसानंतर संस्थेला नको म्हणता येत नाही, त्यामुळे त्यानंतर होणाऱ्या चर्चेला अर्थ उरत नाही. संस्थेचा निर्णय संचालक मंडळ घेते आणि मंडळाची बैठक महिन्यातून एकदाच होते. जानेवारीची बैठक 24 तारखेला आहे असे धरू. विषयपत्रिका आठवडाभर आधी निघते, म्हणजे दर आणि पर्याय व्यवस्थापकाच्या हाती 16 तारखेपर्यंत पडायला हवेत. भेट त्याच्याही आधी. आणि भेटीची वेळ मागणारे पत्र त्याच्या आधी किमान एक आठवडा. अशी उलटी मोजणी केली की पत्राची तारीख 5 जानेवारीच्या आसपास येते, मुदत संपण्याच्या सुमारे बारा आठवडे आधी. पतसंस्थेच्या बाबतीत एवढे आधी जाण्याला दुसरेही कारण आहे. फेब्रुवारी उजाडला की मार्चअखेरच्या वसुलीची धावपळ सुरू होते. त्या काळात व्यवस्थापकाला शांतपणे अर्धा तास बसवणे कोणालाही जमत नाही, आणि तसा आग्रह धरणेही बरे नाही.

पत्र लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली म्हणजे वापर. या संस्थेच्या 42 लॉगिनपैकी 11 लॉगिन गेल्या तीन महिन्यांत एकदाही उघडलेले नाहीत. चौकशी केली तर कळते की ते एजंट काम सोडून गेले आणि त्यांच्या जागी नवे नेमलेलेच नाहीत. दुसरी म्हणजे तुंबलेल्या तक्रारी. दोन शाखांमध्ये मोबाइलवरचा भरणा उतरवताना काही नोंदी दोनदा पडतात, आणि ही तक्रार नोव्हेंबरपासून उघडी आहे. पिग्मीच्या खात्यात एकच रक्कम दोनदा दिसली की खातेदार काउंटरवर येऊन उभा राहतो आणि त्याचा त्रास शाखेतल्या कारकुनाला होतो. अशी तक्रार माहीत नसताना रिन्युअलचे पत्र गेले तर त्याला उत्तर येत नाही, आणि विकणाऱ्याला त्याचे कारणही समजत नाही. म्हणून आधी तक्रार हाती घ्यावी. ती सुटली नसेल तर ती कुठवर आली आहे हे पत्रातच सांगावे.

पत्र कोणाला जाते, हेही पाहावे लागते. करारावर सही करणारे अध्यक्ष बदललेले असू शकतात आणि सॉफ्टवेअर आणणारा अधिकारी निवृत्त झालेला असू शकतो. जुन्या पत्त्यावर गेलेला मेल कोणी परत पाठवत नाही, तो नुसता पडून राहतो. एक फोन करून सध्या हा विषय कोणाकडे आहे ते विचारून घेतले की पुढचे दोन आठवडे वाचतात.

आता प्रत्यक्ष पत्र:

मा. व्यवस्थापक साहेब, सप्रेम नमस्कार.
आपल्या संस्थेच्या पिग्मी सॉफ्टवेअरची मुदत 31 मार्चला संपत आहे. करारानुसार सेवा बंद करायची असल्यास 30 जानेवारीपर्यंत लेखी कळवावे लागते, अन्यथा ती एक वर्षासाठी आपोआप वाढते. त्याआधी आपल्याशी अर्धा तास चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे. 12 ते 16 जानेवारीदरम्यान, संक्रांतीचा दिवस वगळून, दुपारी 3 नंतरची कोणतीही वेळ आपण कळवावी. आम्ही शाखेत येऊ.
चर्चेसाठी तीन पर्याय सोबत देत आहोत. येत्या वर्षी दर लॉगिनमागे 6,480 रुपये होत आहे. एक, सध्याचे 42 लॉगिन एका वर्षासाठी: 2,72,160 रुपये. दोन, वापरात नसलेले लॉगिन कमी करून 32 लॉगिन एका वर्षासाठी: 2,07,360 रुपये. तीन, 36 लॉगिन तीन वर्षांसाठी, जुन्याच 6,000 रुपये दराने: दरवर्षी 2,16,000 रुपये. रकमांवर जीएसटी वेगळा. सेवा पुढे चालू ठेवायची नसल्यास आपला सर्व डेटा कसा आणि केव्हा मिळेल, हेही भेटीत सांगू.
दुबार नोंदींच्या तक्रारीवर काम चालू आहे. त्याची सद्यस्थिती भेटीपूर्वी लेखी कळवू.

या पत्रातल्या तारखांकडे नीट पाहायला हवे. ‘आपल्या सोयीने कळवा’ असे लिहिले की सोय कधीच होत नाही. एकच तारीख दिली तर ती गैरसोयीची निघते आणि समोरच्याला नकार कळवावा लागतो. चार-पाच दिवसांचा टप्पा दिला की व्यवस्थापक स्वतःची वही उघडून त्यातला एक दिवस निवडतो. दुपारी 3 नंतरची वेळ यासाठी की सकाळी काउंटरवर गर्दी असते.

दरवाढीचा आकडा पत्रातच आहे, आणि तो तिथेच असायला हवा. अनेक विक्रेते वाढ भेटीपर्यंत झाकून ठेवतात, कारण आकडा वाचून ग्राहक भेटच नाकारील अशी त्यांना भीती वाटते. प्रत्यक्षात भेटीत अचानक वाढ कळलेला व्यवस्थापक तिथल्या तिथे काहीच बोलू शकत नाही. त्याला ती मंडळापुढे मांडायची असते, आणि तयारी नसेल तर तो विषय पुढच्या महिन्यावर ढकलतो. या संस्थेच्या बाबतीत पुढचा महिना म्हणजे 30 जानेवारी उलटून गेलेली.

दुसरा पर्याय विकणाऱ्याला तोट्याचा वाटतो. न वापरलेल्या लॉगिनचे पैसे मिळत असताना ते आपणहून का सोडायचे? पण ही संख्या ग्राहकालाही आज ना उद्या दिसते, बहुधा लेखापरीक्षकाच्या प्रश्नातून. तेव्हा ती विकणाऱ्याने लपवली होती असा अर्थ निघतो. आधीच सांगितली तर तिसऱ्या पर्यायाकडे लक्ष जाते. दुसऱ्यापेक्षा तो वर्षाला 8,640 रुपयांनी महाग आहे, पण त्यात चार लॉगिन जास्त मिळतात आणि तीन वर्षे दर वाढत नाही. नवे एजंट नेमण्याचा विचार असलेल्या संस्थेला तो परवडतो. ज्या संस्थेचे पिग्मीचे काम आटत चालले आहे, तिने मात्र तीन वर्षांत अडकू नये, आणि प्रामाणिक विक्रेत्याने भेटीत हे बोलून दाखवावे. पर्याय तीनपेक्षा जास्त देऊ नयेत. पाच-सहा पर्यायांचा तक्ता मंडळापुढे गेला तर ‘माहिती घेऊन पुन्हा ठेवावे’ असा शेरा पडण्याची शक्यता वाढते.

पत्राला तीन-चार कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर दुसरा मेल न पाठवता फोन करावा. ‘फक्त रेट पाठवा’ असे उत्तर आले तर दरपत्रक त्याच दिवशी द्यावे, कारण ठरावाला लेखी दर लागतोच. भेटीचा आग्रह त्यानंतर धरता येतो. डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल असे कोणी विचारले, किंवा वर्षभर न मागितलेली कराराची प्रत अचानक मागितली, तर दुसऱ्या कंपनीशी बोलणी चालू असल्याची शक्यता धरावी आणि थेट विचारावे. आणि 16 तारखेपर्यंत भेट झालीच नाही तर 19 ते 22 असा दुसरा टप्पा देऊन 30 जानेवारीनंतर काय होईल, हे एका ओळीत पुन्हा लिहावे. ग्राहक गप्प राहिला म्हणून करार आपोआप वाढवून घेणे कलमात बसते, पण पुढच्या वर्षीचे बिल अडकण्याची सुरुवात तिथूनच होते.

भेट झाली की त्याच संध्याकाळी काय ठरले ते लेखी पाठवावे: लॉगिनची संख्या, दर, मुदत, तक्रार सुटण्याची तारीख. त्यावर 24 जानेवारीला ठराव होतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बिल जाते. एक काम त्यानंतरही उरते. परवान्याची नवी तारीख प्रणालीत चढवली आहे याची खात्री मार्च संपण्यापूर्वी करून घ्यावी. ठराव झाला, पैसेही भरले आणि तरी 1 एप्रिलला पाचही शाखांतले ॲप उघडले नाही, तर त्या दिवशीचा पिग्मीचा भरणा एजंटांना कागदावर लिहून घ्यावा लागतो.