मालकांशी फोनवर ठरले; ते कागदावर कसे आणावे?

औषधांची मागणी आता बहुतांशी दूरध्वनीवरूनच नोंदविली जाते. फार्मसीचे मालक स्वतः फोन घेतात, दर व सवलत जागेवरच सांगतात, उधारीची मुदत तोंडीच देतात. कायद्यालाही यात वावगे काही दिसत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ५ नुसार तोंडी ठरलेली विक्रीसुद्धा वैध करारच असते. प्रश्न असतो तो नेमके काय ठरले, हे पुढे कसे दाखवायचे याचा.

वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावी दवाखाना चालविणाऱ्या वैद्याचे उदाहरण कल्पून पाहू. दि. ६ रोजी त्याने मालकांना फोन केला आणि 'सूतशेखर' वीस बाटल्या सांगितल्या. छापील किमतीवर पंचवीस टक्के सवलत, वाहतूक फार्मसीची, पैसे चाळीस दिवसांनी, असे ठरले. माल १२ तारखेला पोहोचला. पेटीत सुवर्णरहित, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण 'साधा' म्हणतो, तो सूतशेखर निघाला. वैद्याच्या मनात योगरत्नाकरोक्त सुवर्णयुक्त पाठ होता. बोलताना 'सुवर्ण' हा शब्द उच्चारला गेला होता की नव्हता, हे आता दोघांपैकी कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. योगराज व महायोगराज गुग्गुळ यांचीही फोनवर अशीच गल्लत होते. एका उपसर्गाने औषधही बदलते आणि किंमतही.

येथे लबाडी कोणाचीच नाही. बोलणे मालकांच्या कानी राहिले. बिल मात्र कारकुनाने केले आणि पेटी तिसऱ्यानेच भरली. मालकांनी चिठ्ठीवर 'सूतशेखर २०' एवढेच लिहून दिले असणार. माझ्या मते अशा वादांचे मूळ विस्मरणापेक्षा या हस्तांतरात अधिक असते. म्हणून पुष्टीचा संदेश मालकांच्या आठवणीसाठी नसून बिल करणाऱ्या माणसाला तो वाचून काम करता यावे, अशा बेताने लिहावा.

'आपल्या बोलण्याप्रमाणे माल पाठवावा' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. बोलणे काय झाले, तेच त्यात नाही. वरील उदाहरणात त्याच दिवशी पुढील मजकूर पाठविला असता तर पुरेसे होते:

'सादर नमस्कार. आज दि. ६ रोजी सकाळी आपणांशी फोनवर ठरल्याप्रमाणे : सूतशेखर रस (सुवर्णयुक्त, योगरत्नाकर), ३० गोळ्यांच्या २० बाटल्या. छापील किंमत प्रत्येकी ९०० रुपये, त्यावर २५ टक्के सवलत. कर धरून एकूण १३,५०० रुपये. वाहतूक आपली. माल स्वीकारल्यापासून ४० दिवसांत रक्कम देईन. बाटलीवरील वापराची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी. यात काही फरक असल्यास माल पाठविण्यापूर्वी कळवावे. बरोबर असल्यास तसे उत्तर द्यावे.'

'कर धरून' हे दोन शब्द क्षुल्लक नाहीत. छापील किमतीत कर समाविष्टच असतो. सवलतीनंतरच्या १३,५०० रुपयांवर कारकुनाने पुन्हा पाच टक्के कर लावला, तर बिल १४,१७५ रुपयांचे होते. ६७५ रुपयांसाठी कोणी न्यायालयात जात नाही, पण पुढील मागणी दुसरीकडे जाते.

संदेशाला उत्तर मिळवावे. करार फोनवरच झालेला असल्याने मौनामुळे तो मोडत नाही. तथापि एकतर्फी लिहिलेला मजकूर म्हणजे एका पक्षाचे म्हणणे, आणि मालकांचे 'बरोबर' एवढे उत्तर आले की तो दोघांचा लेख होतो. उत्तर न आल्यास दुसऱ्या दिवशी फोन करून ते मागण्यात संकोच कसला? फार्मसीमालकांनीही वैद्याच्या संदेशाची वाट न पाहता स्वतःच असा मजकूर पाठविल्यास उत्तम, कारण चुकीच्या मालाची परतवाहतूक बहुधा त्यांच्याच माथी येते.

आता उधारीविषयी. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ येथे थेट लागू होतो, आणि आपल्या बंधूंना तो फारसा परिचित नाही. उत्पादक फार्मसी सूक्ष्म किंवा लघु उद्योग असून तिची उद्यम नोंदणी असेल, तर कलम १५ नुसार खरेदीदाराने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावयाचे असतात. लेखी ठराव नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत. म्हणजे आपल्या उदाहरणातील तोंडी चाळीस दिवसांवर वैद्य निश्चिंत राहिला, तर कायद्याच्या हिशेबी त्याची मुदत २७ तारखेलाच संपते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज मागण्याचा हक्क फार्मसीला प्राप्त होतो. मात्र लेखी ठरावालाही सीमा आहे : तो पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. दोन महिन्यांची उधारी मालकांनी आनंदाने लिहून दिली तरी कायदा पंचेचाळीसच दिवस मोजतो. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. ते उत्पादकाला आहे.

याच अधिनियमात तक्रारीचीही तरतूद आहे. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे मानले जाते. लेखी हरकत घेतली आणि ती फार्मसीने दूर केली, तर स्वीकाराचा दिवस हरकत दूर झाल्यापासून धरतात. साधा सूतशेखर आल्याचे वैद्याने १३ तारखेला फोनवर सांगितले आणि मालक 'बदलून देतो' म्हणाले, तरी या मोजणीत ते धरले जाणार नाही. पेटी उघडताच बाटलीचे छायाचित्र, बॅच क्रमांक व दोन ओळींची हरकत पाठवावी, आणि 'बदलून देतो' हेही त्याखालीच लिहून घ्यावे.

मोबाइलवरील लेखन पुराव्यात टिकते काय, असे पुष्कळजण विचारतात. टिकते, परंतु रीत आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतील अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला की काय हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींवरून ठरावयाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की मूळ उपकरण न्यायालयात हजर केल्यास वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. नक्कल दाखल करावयाची असल्यास मात्र ते अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो.

यास्तव केवळ पडद्याचे छायाचित्र काढून मूळ संदेश पुसू नये. जुना मोबाइल विकण्यापूर्वी त्यातील व्यवहार मिटले आहेत याची खात्री करावी, आणि आपोआप नाहीसे होणाऱ्या संदेशांची सोय फार्मसीच्या क्रमांकापुरती बंद ठेवावी. मालकांच्या क्रमांकाबरोबरच फार्मसीच्या ई-मेलवरही तोच मजकूर धाडल्यास दोन जागी नोंद राहते. येणे वसूल करण्याचा दावा सामान्यतः तीन वर्षांपर्यंत आणता येत असल्याने संदेश, बिल व वाहतुकीची पावती निदान तेवढा काळ एकत्र जपावी. मागणीवहीत त्या तारखेपुढे 'संदेश पाठविला, उत्तर आले' अशी नोंद केली, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही.