डिझेल गाडीत पेट्रोल पडते तेव्हा

डिझेल गाडीच्या टाकीत चुकून पेट्रोल पडले, तर डॅशबोर्डला ते कळत नाही. टाकीतला फ्लोट फक्त पातळी पाहतो. तो पेट्रोलवरही तरंगतो आणि काटा नेहमीसारखा वर चढतो. चुकीच्या इंधनाची सूचना देणारा दिवा रोजच्या वापरातल्या मोटारींमध्ये नसतो. पुढे जे दिवे लागतात ते परिणामांचे, आणि ते लागेपर्यंत पेट्रोल पंपापासून इंजेक्टरपर्यंत पोचलेले असते. डिझेल गाडीच्या टाकीचे तोंड रुंद असल्याने पेट्रोलचे नोझल त्यात सहज जाते, त्यामुळे तिथेही काही अडत नाही.

समजा, ५० लिटरची टाकी आहे, तळाशी १० लिटर डिझेल उरले आहे आणि पंपावर ३० लिटर पेट्रोल भरले गेले. दोन्ही इंधने एकमेकांत पूर्ण मिसळतात, त्यांचे वेगळे थर राहत नाहीत. म्हणजे टाकीतल्या मिश्रणात पाऊण हिस्सा पेट्रोल. चालक चावी फिरवतो. हीटर प्लगचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागून विझतो, सेल्फ मारताच इंजिन सुरू होते आणि अगदी सुरळीत चालते. कारण फिल्टर आणि नळ्यांमध्ये अजून जुने, शुद्ध डिझेल आहे.

हे डिझेल किती पुरेल, याचा अंदाज मायलेजवरून बांधला तर चुकतो. फिल्टरमध्ये अर्धा लिटर इंधन धरले तर त्यावर सात-आठ किलोमीटर जाता यायला हवे. पण डिझेल इंजिन ओढून घेतलेले सगळे इंधन जाळत नाही. हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरना थंड ठेवून, वंगण देऊन उरलेले इंधन परतीच्या नळीने टाकीत जाते. त्यामुळे जुने डिझेल काही मिनिटांत धुऊन निघते आणि गाडी पंपापासून फार दूर जाण्याआधीच खोड्या सुरू होतात.

पहिली खूण कानाला कळते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण १६ पट दाबली जाते, ती तापते आणि त्या गरम हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंधन किती चटकन पेटते हे सिटेन अंकावरून कळते. आपल्याकडच्या बीएस-६ डिझेलचा सिटेन अंक किमान ५१ असावा लागतो. पेट्रोलचा त्याच्या निम्माही नसतो. पेट्रोल असे आपोआप पेटू नये म्हणूनच तर घडवलेले असते. त्यामुळे मिश्रण फवारले जाते, पण लगेच पेटत नाही, साचत राहते आणि मग एकदम भडकते. तो धातूवर हातोडी बसल्यासारखा ठोका बॉनेटखालून स्पष्ट ऐकू येतो. काही वेळा ते पेटतच नाही. मग इंजिन मिसिंग करते, गाडी हिसके देते, पिकअप जातो आणि न जळलेल्या इंधनाचा पांढुरका धूर सायलेन्सरमधून बाहेर पडतो.

याच सुमारास डॅशबोर्ड बोलू लागतो. पिवळा चेक इंजिनचा दिवा लागतो. काही गाड्यांत हीटर प्लगचाच दिवा लुकलुकू लागतो. कंट्रोल युनिटला रेलमध्ये जितका दाब हवा असतो तितका मिळत नाही. पेट्रोल पातळ असल्याने पंपाच्या आणि इंजेक्टरच्या बारीक फटींतून निसटते, शिवाय गरम होऊन त्याचे बुडबुडे होतात. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर P0087 हा कोड मिळण्याची शक्यता बरीच असते. त्याचा अर्थ रेलमधला दाब गरजेपेक्षा कमी. मिसिंगसाठी P0300 सापडू शकतो. पण ‘पेट्रोल पडले’ असा कोड नाही. फक्त कोड पाहून फिल्टर किंवा सेन्सर बदलणारा मेकॅनिक त्यामुळे फसू शकतो. टाकीचे झाकण उघडून घेतलेला वास आणि पंपाची पावती इथे स्कॅनरपेक्षा जास्त सांगतात.

यानंतर कंट्रोल युनिट इंजिनाची ताकद मर्यादित करते आणि शेवटी इंजिन बंद पडते. त्या क्षणी ऑइल प्रेशर आणि बॅटरीचे लाल दिवे लागतात. ते पाहून ऑइल संपले किंवा अल्टरनेटर गेला असे वाटते, पण इंजिन थांबल्यावर हे दिवे लागणारच. धावत्या गाडीत धोका वेगळा असतो: एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल कडक होते आणि स्टिअरिंग जड होऊ शकते. गाडी बाजूला थांबली की बहुतेक जण पुन्हा पुन्हा सेल्फ मारतात. सगळ्यांत महागात पडते ते इथेच.

कारण जळण्यातली गडबड इंजिनाला बऱ्याचदा सोसते, हाय प्रेशर पंपाला मात्र पेट्रोल सोसत नाही. कॉमन रेल गाडीत हा पंप इंधन १,६०० ते २,००० बारपर्यंत दाबतो. त्याच्या आतल्या भागांना इंजिन ऑइल मिळत नाही. डिझेल हेच त्यांचे वंगण. पेट्रोलमध्ये तो गुण जवळजवळ नसतो. धातूवर धातू घासतो आणि त्याचा चुरा सुटतो. तो चुरा रेलमध्ये जातो, मायक्रॉनच्या फटींवर चालणाऱ्या इंजेक्टरमध्ये अडकतो आणि परतीच्या नळीने टाकीतही पोचतो. आता विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, त्यामुळे असे मिश्रण कित्येक दिवस आत राहिले तर गंजाचीही भीती असते.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्या याबाबतीत बऱ्याच सोशिक होत्या. युरोपात कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडे पेट्रोल मिसळण्याची रीतही होती. तो दाखला कॉमन रेल गाडीला लावणे धोक्याचे आहे. ‘दोनच लिटर पडलेय, वरून डिझेल भरा’ हा सल्ला म्हणजे निव्वळ जुगार.

चूक पंपावरच लक्षात आली तर चावी ‘ऑन’सुद्धा करू नये. अनेक गाड्यांत चावी ‘ऑन’ होताच टाकीतला विजेचा पंप इंधन पुढे ढकलू लागतो. स्टिअरिंगचे कुलूप सुटण्यापुरती चावी पहिल्या खाचेपर्यंत फिरवून, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला घ्यावी आणि टोचन करून किंवा ट्रकवर चढवून गॅरेजला न्यावी. एवढ्यात भागले तर टाकी रिकामी करणे आणि फिल्टर बदलणे यावर काम निभावते. हे इंधन काढताना ठिणगी आणि विडी-सिगारेट दूर हवी. थोडे पेट्रोल मिसळले तरी डिझेल पेट्रोलसारखेच चटकन पेट घेते.

गाडी चालवली गेली असेल, तर जुना फिल्टर कापून त्यातले इंधन पांढऱ्या कापडावर ओतून उन्हात पाहावे. चमचमणारे बारीक कण दिसले नाहीत, तर टाकी आणि नळ्या साफ करून, नवा फिल्टर बसवून, ताजे डिझेल भरून, हवा काढून गाडी सुरू करता येते. मग कोड पुसून रेलचा दाब स्कॅनरवर तपासला जातो. कण दिसले तर एकटा पंप बदलून उपयोग नसतो. टाकीत आणि रेलमध्ये राहिलेला चुरा नव्या पंपालाही खातो, म्हणून पंप, रेल, इंजेक्टर आणि परतीच्या नळ्या एकदमच बदलाव्या लागतात, आणि बिल सहज लाखाच्या पुढे जाते.